साक्षगंधाचं संत्रा सॉर्बे

मार्चचा दुसरा आठवडा, ऊन आत्ताच चटके द्यायला लागलेलं. नागपुरात बजाजनगरातल्या एका घरी संध्याकाळी साक्षगंध होतं आणि साठ माणसांना संत्र्याचं सॉर्बे, म्हणजे दूध न घालता रसाचंच आईस्क्रीम, द्यायचं होतं, तेही अंगणात पॉट फिरवून. पाहुण्यांना दांडा फिरताना बघायला आवडतं.

संत्री आदल्या पहाटे कळमन्याच्या बाजारातून आणलेली, मृग बहाराची. आपल्या संत्र्याचा रस मिक्सरमधून काढत नाही, बिया फुटल्या की कडू होतो. हाताने पिळून, गाळून, रात्रभर फ्रिजमध्ये ठेवलेला तीन किलो रस घेऊन मी दुपारी पोचलो. रसात साखर विरघळवायला लागलो, तोच मुलीची आई आली.

"दादा, एवढी साखर? गोडमिट्ट नको करू बाप्पा, आमच्याकडे कोणाले चालत नाही."

माझा अंदाज साडेसहाशे ग्रॅमचा होता. साडेतीनशे टाकली होती, चमचाभर चाखून पाहिलं तर खरंच गोड लागलं. तिथेच थांबलो. पंधरा वर्षं हे काम करतो, तरी गोठण्याआधीच्या चवीवर विश्वास ठेवला. थंडीने जिभेला गोडी कमी लागते हे मला सांगायची गरज नव्हती.

लाकडी बादलीत डब्याभोवती फोडलेला बर्फ दहा किलो आणि खडेमीठ अडीच किलो, थरावर थर. पोऱ्या दांडा फिरवायला लागला. एरवी वीस-पंचवीस मिनिटं लागतात, हळूहळू दांडा जड होत जातो. इथे बाराव्या मिनिटाला खरखर आवाज आला आणि दांडा अडकला. झाकण उघडलं तर कडेला बर्फाचा कडक थर धरलेला, मध्ये पातळ रस. खरवडून एक घास घेतला, दाताखाली कचकच. हे फ्रीझरला गेलं असतं तर रात्री स्कूप वाकला असता.

खिशात रिफ्रॅक्टोमीटर असतो, रसातली साखर मोजायला. वितळलेल्याचा एक थेंब काचेवर टाकला, २० ब्रिक्स, म्हणजे वजनात वीस टक्के साखर. हिशोब तिथेच जुळला. रसाची स्वतःची साखर ११ टक्के, म्हणजे तीन किलोत ३३० ग्रॅम. त्यात माझी ३५०, मिळून ६८० ग्रॅम, एकूण ३३५० ग्रॅम वजनात. मला हवे होते २७ टक्के. साखर इथे फक्त गोडीसाठी नसते. पाणी गोठत जातं तशी साखर उरलेल्या पाण्यात घट्ट होत जाते, आणि तो पाकच गोठायचा राहतो. स्कूप फिरतो तो त्या पाकामुळे. साखर कमी म्हणजे पाक कमी, बर्फ जास्त. उलट तिसाच्या पुढे गेलं की घट्टच धरत नाही, वाटीत पोचेपर्यंत सरबत.

२७ गाठायला आणखी तीनशे ग्रॅम साखर लागली असती आणि काकूंनी मला हाकललं असतं. म्हणून पोऱ्याला कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये पिटाळलं, साधा ग्लुकोज पावडरचा डबा आण, संत्रा फ्लेवर आणू नको. ग्लुकोज साखरेपेक्षा गोडीला कमी, पण गोठण रोखायला तेवढ्याच वजनात पावणेदोन पट जोरकस. दीडशे ग्रॅम ग्लुकोज आणि पन्नास ग्रॅम साखर थोड्या कोमट रसात विरघळवून सगळं एक केलं, एका लिंबाचा रस पिळला. आता ब्रिक्स २५च्या आसपासच दिसतो, कारण त्या काचेला ग्लुकोज आणि साखर यांतला फरक कळत नाही. ग्लुकोज घातल्यावर आकड्यापेक्षा दांड्याकडे लक्ष द्यायचं.

एक गोष्ट मात्र काकूंना स्पष्ट सांगितली, हे मधुमेहवाल्यांना देऊ नका. चवीला कमी गोड आहे, रक्ताला नाही.

मिश्रण पुन्हा गार करायला बर्फात अर्धा तास ठेवावं लागलं, कारण कोमट मिश्रण पॉटमध्ये घातलं तर बर्फ फुकट वितळतो. तोवर बादलीच्या भोकातून खारं पाणी थोडं काढून नवा बर्फ-मीठ भरलं. झाकणाची कड पुसून घेतली. पोऱ्या घाईत असला की ही कड विसरतो आणि खारा घास पाहुण्यांच्या तोंडी जातो.

या वेळी चोवीस मिनिटं लागली. दांडा जड झाला, पण सारखा जड, अडखळत नाही. पाते काढलं तर त्यावर केशरी, लोण्यासारखा लेप, पातं तिरकं केलं तर हळूच ओघळणारा. डबा बंद करून ताज्या बर्फ-मिठात तासभर मुरायला ठेवला.

साडेआठला वाट्या फिरल्या. थोड्या वेळाने काकू आल्या आणि व्याह्यांना माझ्यासमोरच म्हणाल्या, "मीच साखर कमी टाकायले लावली, म्हणून इतकं छान झालं." पोऱ्या माझ्याकडे बघायला लागला. मी बिल पुढे केलं.