बटाट्यामागचा गहू

"दादांचा गहू शेतात उभा असताना पुतणीचं लग्न पाडव्याला का धरलंत? आणखी पंधरा दिवस थांबला असतात तर काय बिघडलं असतं?"

दोन वर्षं हे ऐकतोय. इंदुरात कुठल्याही मुंजीला, बारशाला गेलो की पंगतीत शेजारी बसलेलं कुणीतरी विचारतंच. आजवर मी "योग होता" म्हणून विषय बदलत आलो. आज सगळं सांगतो.

पंधरा दिवस थांबायचंच ठरलेलं होतं. लग्नाची तारीख होती २१ एप्रिल २०२४, रविवार, आणि ती दादानेच धरली होती, शेताकडे बघून. देपालपूरकडच्या आमच्या जमिनीत सोयाबीन निघाल्यावर काही तुकड्यात बटाटा लावतात आणि बटाटा खणून झाल्यावर तिथे गहू पेरतात. बाकीचा गहू होळीच्या सुमारास घरात येतो, पण हा बटाट्यामागचा गहू डिसेंबरअखेर पेरलेला असतो, म्हणून तो एप्रिलच्या मध्यापर्यंत शेतात असतो. त्या वर्षी असा नऊ बिघे होता. तो १५ तारखेपर्यंत निघेल, खळं रिकामं होईल, त्याच खळ्यात मांडव घालू, असा दादाचा हिशेब होता. हिशेब चोख होता. हे मी तेव्हाही म्हणालो होतो आणि आजही म्हणतो.

१६ मार्चला लोकसभा निवडणुकीची घोषणा झाली. जावई निमलष्करी दलात. आठवड्याच्या आत त्यांच्या वडिलांचा देवासहून फोन आला की एप्रिलअखेरची रजा रद्द झाली आहे. आता सुट्टी मिळाली तर ती एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यातले दहा दिवस, आणि त्यानंतर निकाल लागेपर्यंत काही नाही. निकाल ४ जूनला होता.

जूनमध्ये का नाही, असं विचारणाऱ्यांनी त्या वर्षीचं पंचांग उघडून बघावं. एप्रिलअखेरीला शुक्राचा अस्त होत होता, मे लागल्यावर गुरूचाही. मे-जूनमध्ये मुहूर्तच नव्हते. जुलैत चार-सहा दिवस मिळत होते, पण तेव्हा सोयाबीनची पेरणी आटोपून निंदणी सुरू असते, गावचा रस्ता चिखलात असतो, आणि १७ जुलैला आषाढी एकादशी, म्हणजे चातुर्मास. मग थेट तुळशीच्या लग्नानंतर. पंधरा दिवसांचा प्रश्न नव्हता, सात महिन्यांचा होता.

पाडवा मीच सुचवला. ९ एप्रिल, मंगळवार. गावातले माळवी शेजारी म्हणाले, खरमास चालू आहे, सूर्य मीनेत आहे, १३ तारखेपर्यंत आमच्याकडे कुणी लग्न करत नाही. मी त्यांना ठासून सांगितलं की आम्हा मराठी माणसांत पाडवा साडेतीन मुहूर्तांतला, त्याला काही बघावं लागत नाही. गुरुजींनी मात्र मला बाजूला घेऊन सांगितलं, "पाडवा खरेदीला, नव्या कामाला चांगला. लग्नाला तो आपोआप पुरत नाही, लग्नाची शुद्धी वेगळी बघावी लागते. अडचण आहे म्हणून काढीव मुहूर्त देतो. पण साडेतीन मुहूर्तांचं नाव पुढे करू नका." मी ते पुढे करत राहिलो. गुरुजींचं हे बोलणं मी दादालाही सांगितलं नव्हतं. ते आज पहिल्यांदा सांगतोय.

पुढचे सोळा दिवस कसे गेले ते थोडक्यात सांगतो. दोनशे पत्रिका वाटून झाल्या होत्या. पहिली खजराण्याच्या गणपतीपुढे ठेवली होती, म्हणून तारीख बदलल्यावर वहिनी पुन्हा तिथे गेली आणि हाताने लिहिलेली चिठ्ठी ठेवून आली. नव्या पत्रिका छापल्या नाहीत. इंदूरचे फोन माझ्याकडे होते, गावं पुतण्याने मोटारसायकलवर अक्षता घेऊन फिरून केली. ग्वाल्हेरच्या एका घरी मी फोन करायचा राहिला, ते २१ तारखेला निघण्याच्या तयारीत होते. ती चूक पूर्ण माझी, आणि ते अजून आमच्याशी मोकळे बोलत नाहीत.

हळदीचा दिवस हलवावा लागला. पाडव्याच्या आदल्या दिवशी सोमवती अमावस्या. अमावस्येला हळद लावायची नाही, म्हणून ती रविवारी ७ तारखेला उरकली आणि देवदेवक, ग्रहमख लग्नाच्या दिवशी सकाळी घेतलं. लग्न गोरज मुहूर्तावर होतं म्हणून ते जमलं. कामाला माणसं नव्हती. झाबुआकडचे मजूर भगोरियाला आणि होळीला घरी गेले होते, त्यातले निम्मेच परतले होते आणि जे परतले ते कापणीत गुंतले होते. मांडवाचे बांबू मी आणि पुतण्याने रोवले.

आता ८ तारखेची सकाळ. ज्यांनी मला विचारलं त्या सगळ्यांना या सकाळीबद्दलच विचारायचं असतं, हे मला माहीत आहे.

पंजाबातून हार्वेस्टर येतात ते आमच्याकडे गावाच्या एका बाजूने सुरुवात करतात आणि शेताला लागून शेत कापत पुढे जातात. आपला नंबर आला की शेत द्यायचं. सोडलं तर मशीन पुढच्या गावाला जातं आणि परत फिरेपर्यंत पाच-सहा दिवस जातात. दादाचा नंबर ११ किंवा १२ तारखेला येईल असं वाटत होतं. तो ८ ला आला, कारण आधीच्या दोघांनी आपापला गहू हाताने कापून घेतला होता, त्यांना जनावरांसाठी भुसा हवा होता. दहा वाजता, दव सुकल्यावर, मशीन आमच्या बांधावर उभं राहिलं आणि ड्रायव्हर म्हणाला, "काका, आज कटवा लो, नहीं तो फिर चौदह के बाद."

दादा शेतात गेला. मी मागोमाग. त्याने चार ठिकाणच्या ओंब्या तोडल्या, तळहातावर चोळल्या, फुंकर मारून कोंडा उडवला आणि दाणा दाताखाली धरला. गहू पिकला असला की दाणा कट्ट आवाज करून तुटतो. ओल असेल तर तो चपटा होतो. बांधाकडच्या बाजूचा दाणा तुटला. मधल्या भागाला शेवटचं पाणी उशिरा दिलेलं, तिथला चपटा झाला. दादाने मला दोन्ही दाणे दिले. मीही चावून बघितले.

"काढला तर?" त्याने विचारलं.

मी म्हणालो, "काढून ठेवणार कुठे? खळ्यात मांडव आहे."

हे खरं होतं. ओला गहू काढला की तो तसाच पोत्यात भरता येत नाही, आतून तापतो. दोन-तीन दिवस खळ्यात पसरून, वर-खाली करून वाळवावा लागतो. सरकारी खरेदीत बारा टक्क्यांवर ओल गेली की भाव कापतात, चौदाच्या वर घेतच नाहीत. आणि खळं त्या दिवशी खांबांनी, सतरंज्यांनी, आचाऱ्याच्या भट्ट्यांनी भरलेलं होतं. दोन्ही ट्रॉल्यांपैकी एक पाण्याच्या टाक्या आणायला गेली होती.

पण मी तिथेच थांबलो नाही. मी आणखी म्हणालो, "दादा, उद्या पोरीचं लग्न आहे. आज तू धुळीत उभा राहिलेला बरा दिसणार नाहीस. जाऊ दे, चौदाला काढू."

दादा काही बोलला नाही. त्याने ड्रायव्हरला हात करून पुढे जायला सांगितलं.

लग्न चांगलं झालं. ते मी सांगायला नको, तुम्ही होतात.

१० तारखेच्या रात्री वारा सुटला आणि पाऊस आला. तासाभराचाच, पण उभा नव्हता, आडवा होता. मी इंदूरला परतलो होतो. सकाळी पुतण्याचा फोन आला, तेव्हा मी पहिल्यांदा विचारलं, "दादा कुठे आहे?" तो म्हणाला, "बांधावर. रात्री तीनपासून."

मी पोचलो तेव्हा अकरा वाजले होते. मधला भाग पूर्ण आडवा पडला होता, जड ओंब्यांनी ताटं मुळापासून कलंडली होती. बांधाकडचा गहू उभा होता, पण तोच आधी पिकलेला, त्यामुळे त्याचीच चमक गेली होती. पिकलेल्या दाण्यावर पाणी पडून ऊन लागलं की तो पांढुरका पडतो, सोनेरी झाक जाते. व्यापारी मुठीत घेतल्याबरोबर ओळखतो. दादाला हे सांगावं लागणार नव्हतं. मी त्याच्या शेजारी उभा राहिलो. त्याने ओंबी तोडली, चोळली, दाणा दाताखाली धरला आणि थुंकून टाकला. मग म्हणाला, "आता मधलाही पिकला."

एवढंच. त्याने माझ्याकडे बघितलंही नाही.

मशीन १६ तारखेला परत आलं. पडलेला गहू त्याच्या पात्यात नीट येत नाही, खाली राहून जातो. तो विळ्याने कापावा लागला, आणि मजुरी गव्हाच्या किमतीला भिडली. साठ-पासष्ट क्विंटल धरले होते, पंचेचाळीस भरले. त्या वर्षी सरकारी भाव बोनस धरून २४०० होता. बाजारात आम्हाला बोली त्याच्या खाली आली.

आता तुम्ही म्हणाल की चूक कबूल करा. करतो, पण सगळी नाही. तारीख बदलणं चुकीचं होतं हे मला आजही मान्य नाही. ८ तारखेला गहू काढला असता तर मधला भाग ओला निघाला असता, आणि त्या पावसात खळ्यात पसरलेला असता. तो ताडपत्रीखाली झाकला असता का? कदाचित. दादा म्हणतो, निम्मं शेत तरी देता आलं असतं, बांधाकडचं. हे मला त्या सकाळी सुचायला हवं होतं. ते सुचलं नाही, कारण मला शेत दिसतच नव्हतं, मला मांडव दिसत होता.

आणि सात महिने का थांबलो नाही, त्याचं खरं कारण मुहूर्त नव्हतं. आमच्या बहिणीचं ठरलेलं लग्न सुतकामुळे पुढे गेलं होतं आणि त्या मधल्या महिन्यांत मोडलं. ते तुम्हाला सगळ्यांना माहीत आहे, म्हणून उगाळत नाही. तेव्हा मी एकोणीस वर्षांचा होतो आणि "थांबायला काय हरकत आहे" असं म्हणणारा घरात मीच होतो. २०२४ चे व्याही तसे नव्हते. पुतणीही म्हणाली होती, "काका, आम्ही दोघं थांबू, काही होणार नाही." मी तिचं ऐकलं नाही. त्या एकोणीस वर्षांच्या पोराला खोटं पाडायला मी दादाचे नऊ बिघे वापरले की काय, असं मला रात्री वाटतं, आणि सकाळी वाटतं की नाही, लग्न वेळेवर झालं तेच बरं झालं.

एक गोष्ट कुणालाच सांगितलेली नाही. आमच्याकडे लग्नानंतरच्या पहिल्या हंगामात लेकीच्या सासरी घरच्या नव्या गव्हाचं पोतं पाठवतात. त्या वर्षीही देवासला पोतं गेलं. वहिनींच्या बोलण्यातून मला नंतर कळलं की दादाने तो गहू शेजाऱ्याकडून विकत घेतला होता, सोनेरी, चमक असलेला, आणि पोतं आपलं वापरलं होतं. पुतणीने तो खाल्ला, सासूने कौतुक केलं. दादाने मला त्याबद्दल काही सांगितलेलं नाही, आणि मीही अजून त्याला विचारलेलं नाही.