पहिल्या हॉवरआधीची यादी आणि बॅटरीचा खरा हिशेब

मी स्वतः जोडलेल्या पहिल्या मोठ्या ड्रोनसाठी उड्डाणपूर्व तपासणीची जी यादी लिहिली, तिच्यात 41 मुद्दे होते, आणि त्यांपैकी निम्म्याहून अधिक मुद्द्यांपुढे 'तपासणे' एवढाच शब्द होता. बॅटरी तपासणे, वारा तपासणे, प्रॉपेलर तपासणे. घरी टेबलाशी बसून ती वाचताना काहीही सुटलेले नाही असे वाटले. परंतु नेमके काय पाहायचे, किती आकडा आला तर उड्डाण करायचे आणि किती आला तर सामान आवरायचे, हे त्या यादीत कुठेच नव्हते. ही त्रुटी एप्रिलमधल्या दोन सकाळींत माझ्या लक्षात आली, आणि त्यानंतर यादी नव्याने लिहिली.

ड्रोन चार मोटरींचा आहे, बॅटरीसह वजन साधारण 1.6 किलो, प्रॉपेलर 10 इंची, बॅटरी चार सेलची 5000 एमएएचची, आणि नियंत्रणासाठी अर्डुपायलट ही प्रणाली. नागपूर शहरात तो उडवण्याचा प्रश्नच नव्हता, कारण सोनेगावचा विमानतळ आणि वायुसेनेचा परिसर यांमुळे शहराचा बराच भाग निर्बंधात येतो. म्हणून काटोल मार्गावर, कळमेश्वरच्या पुढे, एका परिचित काकांचे वावर निवडले. कपाशीच्या पऱ्हाट्या उपटून झालेल्या होत्या, सर्व बाजूंना तीस मीटरहून अधिक मोकळी जागा होती आणि विजेच्या तारा धुऱ्याच्या बऱ्याच पलीकडे होत्या. तो भाग हरित क्षेत्रात येतो की नाही, हे हवाई क्षेत्राच्या अधिकृत नकाशावर निघण्याच्या आदल्या रात्री पाहणे हा यादीतला पहिला मुद्दा अजूनही आहे.

नव्या यादीचे मी तीन कागद केले: घरचा, वावरातला आणि शेवटच्या मिनिटाचा. विभागणीचे कारण साधे होते. जे काम प्रॉपेलर काढूनच करायला हवे, ते वावरात करण्याची वेळ येऊ नये. मोटरी योग्य क्रमाने आणि योग्य दिशेने फिरतात का, ही चाचणी घरच्या कागदावर आहे. संगणकावरील मोटर-चाचणीत A म्हटले की पुढची उजवी, B म्हटले की मागची उजवी, मग C मागची डावी आणि D पुढची डावी, असा घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने क्रम लागला पाहिजे. पुढची उजवी व मागची डावी या मोटरी घड्याळाच्या उलट दिशेने फिरल्या पाहिजेत आणि उरलेल्या दोन सुलट. फिरत्या मोटरीच्या कडेला कागदाचा कपटा टेकवला की तो कोणत्या बाजूला ओढला जातो त्यावरून दिशा निःसंशय कळते. नुसत्या डोळ्यांना वेगात फिरणारी मोटर फसवू शकते.

घरच्या कागदावरची दुसरी महत्त्वाची गोष्ट म्हणजे फेलसेफची मांडणी. रिमोटचा संपर्क तुटला किंवा बॅटरी उतरली तर ड्रोनने 'घरी परतावे', अशी मांडणी बहुतेक जण करतात आणि नेहमीच्या उड्डाणाला ती योग्यही आहे. मात्र पहिल्या हॉवरमध्ये, म्हणजे हवेत जागच्या जागी तरंगत ठेवण्याच्या चाचणीत, ड्रोन जमिनीपासून दोन मीटरवर असतो, आणि परतीचा आदेश मिळताच तो आधी ठरलेल्या उंचीपर्यंत, म्हणजे मूळ मांडणीनुसार 15 मीटरपर्यंत, चढू शकतो. ज्या यंत्राचा अजून भरवसा नाही त्याला आपणच वर पाठवल्यासारखे ते होते. म्हणून पहिल्या चाचणीपुरते मी सर्व फेलसेफ 'आहे तिथेच उतर' असे ठेवले:

```
BATT_LOW_VOLT    14.0
BATT_CRT_VOLT    13.6
BATT_FS_LOW_ACT  1
BATT_FS_CRT_ACT  1
FS_THR_ENABLE    3
```

14.0 म्हणजे दर सेलला 3.5 व्होल्ट, तेही मोटरी चालू असताना.

पहिल्या सकाळी सव्वासहाला आम्ही वावरात पोचलो. सोबत माझा भाचा होता. यादी मोठ्याने वाचण्याचे काम त्याच्याकडे दिले होते, कारण वाचणारा आणि हात लावणारा एकच असला की नजर ओळीवरून पुढे घसरते. ढेकळांच्या जमिनीवरून उडणारी धूळ मोटरींत जाऊ नये म्हणून प्लायवुडचा तुकडा अंथरला. ताडपत्री मुद्दाम नेली नव्हती, कारण प्रॉपेलरच्या वाऱ्याने तिची कड उचलली जाते.

वाऱ्याची मर्यादा ठरवताना मी आधी ड्रोनच्या ताकदीचा विचार करत होतो. पण पहिल्या हॉवरला ती मर्यादा जागेवरून ठरवणे अधिक योग्य आहे. पहिले हॉवर जीपीएसच्या आधाराशिवाय केले जाते, कारण जीपीएस आणि होकायंत्र यांचीच अजून परीक्षा झालेली नसते. अशा वेळी ड्रोन उंची धरून ठेवतो, जागा धरत नाही. वैमानिकाने काहीच केले नाही तर तो वाऱ्यासोबत वाहत जातो आणि फार तर वाऱ्याइतका वेग घेतो. झुळूक सेकंदाला 3 मीटरची असेल, तर दहा सेकंदांच्या हॉवरमध्ये तो जास्तीत जास्त 30 मीटर सरकेल, आणि माझ्याजवळ तेवढीच जागा होती. त्यावरून ओळ लिहिली: 'हातातले वायुमापक डोक्याच्या वर दोन मिनिटे धरावे, सरासरी नव्हे, सर्वांत मोठी झुळूक लिहावी, ती 3 मीटरच्या वर गेली तर पहिले हॉवर नाही.' त्या दिवशी साडेसहाला आकडा 1.8 आला. नऊच्या सुमारास उन्हाने जमीन तापू लागताच तोच आकडा 1 वरून एकदम 5.8 वर गेला आणि धुऱ्याजवळ धुळीची लहानशी वावटळ उठली. उन्हाळ्यात विदर्भातली सकाळ उपयोगाची असते ती एवढीच.

हॉवरची दिनचर्या मी तीन टप्प्यांत ठेवली होती. पहिल्या टप्प्यात थ्रॉटल हळूहळू वाढवायचा तो पाय जमिनीवरून हलके होईपर्यंतच, आणि ड्रोन एका बाजूला कलंडू पाहतो का, हे पाहून लगेच खाली घ्यायचा. दुसऱ्या टप्प्यात दोन मीटरवर दहा सेकंद. त्याहून खाली रेंगाळायचे नाही, कारण जमिनीवर आपटून परतणाऱ्या हवेत ड्रोन डुचमळतो आणि दोष यंत्राचा की त्या हवेचा हे कळत नाही. मग उतरून बॅटरी काढायची आणि चारही मोटरींना बोट लावायचे. एकच मोटर इतरांहून स्पष्टपणे गरम असेल तर तिथेच थांबायचे. तिसऱ्या टप्प्यात घड्याळ लावून चार मिनिटे.

पहिल्या बॅटरीवर हे सारे सुरळीत झाले. दुसरी बॅटरी जुनी होती. जमिनीवर तिने 16.7 व्होल्ट दाखवले, भाच्याने यादीत खूण केली आणि आम्ही दुसऱ्या टप्प्याला लागलो. ड्रोन वर स्थिरावतो न स्थिरावतो तोच भाचा म्हणाला, "मामा, चौदा पॉइंट नऊ दाखवते आहे." मी लगेच उतरवला. पहिल्या बॅटरीचा आकडा त्याच क्षणी 16.1 होता. दोघींचे स्थिर व्होल्टेज सारखेच, पण एक भाराखाली 0.6 व्होल्टने खचली आणि दुसरी 1.8 व्होल्टने. जुन्या बॅटरीचा अंतर्गत रोध वाढलेला असतो. विसाव्यात ती भरलेली दिसते आणि मोटरींनी प्रवाह ओढताच तिचे व्होल्टेज कोसळते. माझ्या यादीतली 'बॅटरी भरलेली आहे का' ही ओळ हा फरक कधीच पकडू शकली नसती. तिच्या जागी आता अशी ओळ आहे: 'पूर्ण भरलेल्या बॅटरीवर, हॉवरच्या दहाव्या सेकंदाला 15.6 पेक्षा कमी व्होल्टेज असल्यास उतरावे. ती बॅटरी उड्डाणास वापरू नये.' ही तपासणी उड्डाणपूर्व यादीत बसत नाही, म्हणून शेवटच्या मिनिटाच्या कागदाचा खालचा भाग 'हवेतील पहिली दहा सेकंदे' या नावाने राखून ठेवला.

त्याहून मोठा धडा घरी परतल्यावर मिळाला. चांगल्या बॅटरीवरच्या चार मिनिटांच्या हॉवरमध्ये पडद्यावर सरासरी 14.5 अँपिअर आणि एकूण 965 एमएएच खर्च दिसला होता. वापर 4000 एमएएचपर्यंतच करायचा आणि वीस टक्के शिल्लक ठेवायची, या नियमाने मला साधारण साडेसोळा मिनिटे मिळतील असा हिशेब मी वहीत लिहिलाही होता. पण हॉवरपूर्वी ज्या चार्जरने ती पूर्ण भरली होती, त्याच चार्जरवर परत लावली तेव्हा तिच्यात 1070 एमएएच गेले. म्हणजे प्रवाह मोजणारे मॉड्यूल जवळजवळ दहा टक्के कमी दाखवत होते. त्या मोजमापावर विसंबून मी 4000 चा आकडा येईपर्यंत उडवले असते, तर प्रत्यक्षात सुमारे 4430 खर्च झाले असते आणि वीसऐवजी अकराच टक्के उरले असते. तेही नेमके व्होल्टेज झपाट्याने घसरते त्या टोकाला.

दुरुस्ती सोपी आहे. चार्जरचा आकडा भागिले पडद्यावरचा आकडा, म्हणजे 1070 भागिले 965, हे 1.11 च्या आसपास येते. `BATT_AMP_PERVLT` ची किंमत 17.0 होती, तिला या गुणोत्तराने गुणून 18.8 केली. दुसऱ्या सकाळी तेच चार मिनिटांचे हॉवर पुन्हा केले. पडद्यावर 1062 आणि चार्जरवर 1075 असे आकडे आले, आणि तेवढा फरक मी मान्य केला. खरा प्रवाह 16 अँपिअर धरला की 4000 एमएएचला पंधरा मिनिटे मिळतात. हा वेळ शांत हवेतल्या हॉवरचा आहे, म्हणून पुढच्या उड्डाणांसाठी घड्याळ दहा मिनिटांवर लावायचे असे ठरवले.

उरलेली पाच मिनिटे वाऱ्यासाठी आहेत. सेकंदाला 10 मीटर वेगाने ड्रोन 300 मीटर दूर गेला असेल, तर शांत हवेत परतीला 30 सेकंद लागतात. समोरून 5 मीटरचा वारा असेल तर तोच परतीचा प्रवास 60 सेकंदांचा होतो. शिवाय डोक्यापाशी 3 मीटरची झुळूक असेल तर मोकळ्या वावरावर तीस मीटर उंचीवर ती सहज साडेचारच्या घरात जाते. त्यामुळे वावरातल्या कागदावर आणखी एक ओळ आली: 'जाताना वाऱ्याच्या समोर जावे, म्हणजे परतताना वारा पाठीशी राहील.'

आता शेवटच्या मिनिटाच्या कागदावर दोन्ही बॅटऱ्यांचे वेगवेगळे रकाने आहेत आणि प्रत्येक उड्डाणानंतर दहाव्या सेकंदाचे व्होल्टेज व चार्जरवरचे एमएएच असे दोनच आकडे भाचा त्यात भरतो. जुन्या बॅटरीचा रकाना 14.9 या एका नोंदीवर थांबला आहे. ती टेबलावरच्या, प्रॉपेलर काढलेल्या मोटर-चाचणीसाठी ठेवली आहे.