एजंटकडचा हिशेब

वर्ध्याचा आमचा फ्लॅट भाड्याने सांभाळणाऱ्या एजंटचं काम आज थांबवलं. शेती सोडून गावाहून सारखं जाणं होत नाही, म्हणून सगळं त्याच्यावर सोपवलं होतं. माणूस वाईट नाही, पण हिशेब म्हणजे पेन्सिलीच्या रेघोट्या!

म्हणून भाडेकरू काकूंनाही समोर बसवलं. त्यांच्या पावत्या, त्याची वही आणि माझं पासबुक महिन्यामागून महिना लावून पाहिलं. ऑगस्टच्या ९,००० रुपयांची पावती काकूंकडे होती, वहीतही जमा होती, पासबुकात मात्र नव्हती. "नळाच्या कामात लागले जी भाऊ." बिल निघालं ३,५०० चं. उरलेले ५,५०० त्यानं तिथंच पाठवले.

अनामत ३०,००० त्याच्याकडेच पडून होती. ती माझ्या खात्यात घेतली आणि तसं काकूंना लिहून दिलं, नाहीतर घर सोडताना त्यांनी मागायची कोणाकडं? पुढचं भाडं थेट मला, हेही त्याच कागदावर. खाली तिघांच्या सह्या. मूळ करारनामा, मेंटेनन्सच्या पावत्या घेतल्या.

किल्लीही घेतली. पण डुप्लिकेट किल्ली कुठंही बनते, म्हणून काकूंना विचारून उद्या कुलूपच बदलतोय. खर्च माझा.