करंगळीला मुंग्या येत नाहीत, तिथेच कळलं

मी फिजिओथेरपिस्ट आहे. लग्नसराईत एक ताई आल्या, ब्लाउजवर आरी वर्क करतात. उजव्या हाताला मुंग्या येतात, मानेची नस दबलीय असं कुणीतरी सांगितलेलं म्हणून मानेचा एक्स-रेसुद्धा काढून आणलेला. रात्री दोन-तीनला जाग येते, हात झटकला की बरं वाटतं म्हणाल्या, आणि हे हात झटकणं ऐकलं की माझं लक्ष आधी मनगटाकडेच जातं.

विचारलं, मुंग्या कुठल्या बोटांना? त्यांनी अंगठा, पहिलं आणि मधलं बोट दाखवलं, करंगळी एकदम ठीक. मनगटातून जाणारी मीडियन नर्व्ह करंगळीला जातच नाही. दोन्ही मनगटं पूर्ण वाकवून हातांच्या पाठी एकमेकींना टेकवून धरायला सांगितलं, ही टेस्ट मिनिटभराची असते, त्यांना अर्ध्या मिनिटातच मुंग्या सुरू. मान फिरवून बघितली तर काहीच फरक नाही. कार्पल टनेल, म्हणजे मनगटात हीच नस दबणं.

पण हे होतंय कशामुळे ते कळायला हवं होतं, मग त्यांच्या मुलीला ताईंचा काम करतानाचा व्हिडिओ पाठवायला सांगितला. तो बघून अंगावर काटा आला. ताई खाली बसलेल्या, फ्रेम स्टुलांवर टेकवलेली, म्हणजे जवळजवळ छातीपर्यंत, त्यामुळे खांदा वर चढलेला, मनगट खाली वाकलेलं आणि फ्रेमची लाकडी कड नेमकी मनगटाच्या आतल्या बाजूला रुतत होती, आणि त्याच अवस्थेत बारीक दांड्याची सुई चिमटीत घट्ट पकडून तासन् तास टाके. नसेला सगळीकडून दाब.

स्टुलं काढून फ्रेम विटांवर ठेवायला लावली, साधारण कोपराच्या लेव्हलला. कडेला जुन्या साडीची जाड घडी बांधली, सुईच्या दांड्याला कापडाची पट्टी गुंडाळून तो जाड केला म्हणजे पकड सैल राहते. रात्री मनगट सरळ ठेवणारा स्प्लिंट. ब्रेकचं मात्र अवघड होतं, पैसे ब्लाउजवर मिळतात, "मॅडम, उठले की काम मागे पडतं" म्हणाल्या, आणि खरंच आहे ते. मग ठरवलं की एक बुट्टा संपला की सुई खाली ठेवायची, बोटं उघडमीट करायची, खांदे सोडायचे, आणि अर्ध्या तासाने मिनिट-दोन मिनिटं उठायचंच. वर डॉक्टरांकडून शुगर आणि थायरॉईड तपासून घेतलं, कारण त्यानेही हाच त्रास होतो.

सहा आठवड्यांनी रात्रीची जाग बरीच कमी झाली, पण ऑर्डर तुंबल्या की बोटं अजून जड होतात. अंगठ्याच्या बुडाचा मांसल भाग दर व्हिजिटला दोन्ही हातांचा शेजारी धरून बघते, तो सपाट होऊ लागला, बधिरपणा दिवसभर राहिला किंवा हातातून वस्तू पडायला लागल्या तर स्प्लिंटवर वेळ काढणार नाही, थेट हँड सर्जनकडे पाठवेन, हे ताईंना आधीच सांगून ठेवलंय.