स्क्रीन हिरवीगार आणि ९४ सेकंद ऑर्डर बंद

लोअर परळला एका ब्रोकिंग कंपनीत नेटवर्क सांभाळतो. मागच्या मंगळवारी पाऊस कोसळत होता, लोकल रखडलेल्या, तरी सव्वानवाला मार्केट उघडायच्या आत कसाबसा जागेवर पोचलो. ९ वाजून ५२ मिनिटांनी डीलिंग रूममधून आरडाओरडा सुरू झाला की ऑर्डर जात नाहीयेत. मी मॉनिटरिंग बघतो तर सगळं हिरवं. प्राइमरी लाइन अप, बॅकअप लाइन अप, एकही अलर्ट नाही. आणि एक्सचेंजकडे पिंग टाकला तर उत्तर नाही.

बॅकअप लाइन शेजारी रिकामी बसलेली. ती हाताने चालू करायला लॉगिन करतोय तोवर पिंग आपोआप परत यायला लागला. पिंगचा लॉग मोजला, ९४ सेकंद गेले होते. डीलर लोकांना ९४ सेकंद म्हणजे काय ते त्यांच्याच तोंडून ऐकावं, इथे लिहिण्यासारखं नाही.

लाइनवाल्या कंपनीला फोन केला तर नेहमीचं उत्तर, सर आमच्याकडून लिंक अप आहे. दोनदा भांडल्यावर त्यांच्या माणसाने आमच्या रॅकमधल्या त्यांच्या डब्यात लॉगिन केलं आणि म्हणाला, "सर, अपटाइम अकरा मिनिटं दाखवतोय." म्हणजे डबा रीस्टार्ट झाला होता. बिल्डिंगची लाइट क्षणभर गेली होती आणि हा डबा रॉ पॉवरवर होता, यूपीएसवर नव्हता. (तो यूपीएसवर घ्या असं मी ॲडमिनला गेल्या वर्षीपासून सांगतोय, असो.)

पण मग आमच्या राउटरला पोर्ट डाउन झालेला दिसला कसा नाही? डब्याची केबल थेट आमच्या ज्युनिपर राउटरच्या `ge-0/0/3` पोर्टमध्ये आहे. एक्सचेंजकडचा रूट स्टॅटिक आहे, पोर्ट डाउन झाला की तो निघतो आणि बॅकअपचा रूट लागतो, एवढी साधी रचना. कॉन्फिग उघडलं तर हे सापडलं:

```
interfaces {
    ge-0/0/3 {
        hold-time up 0 down 5000;
    }
}
```

आकडे मिलिसेकंदात आहेत. अर्थ असा की पोर्ट डाउन झाला तरी सलग ५ सेकंद डाउन राहिल्याशिवाय राउटर कोणाला सांगणार नाही. त्याआधी परत अप झाला तर काही घडलंच नाही असं समजायचं. ज्युनिपरमध्ये याला `hold-time` म्हणतात, सिस्कोच्या राउटरवर `carrier-delay`, सिस्कोच्याच नेक्सस स्विचवर `link debounce`. नेक्ससवर डिफॉल्ट १०० मिलिसेकंद असतं, सिस्कोच्या जुन्या आयओएस राउटरवर २ सेकंद, ज्युनिपरवर शून्य, म्हणजे हे ५००० कोणीतरी मुद्दाम टाकलेलं.

शनिवारी मार्केट बंद असताना डब्याची टेस्ट घेतली. आमचा टायमर काढून टाकला, म्हणजे पोर्टचा प्रत्येक डाउन-अप हेलकावा लॉगमध्ये येईल, आणि त्यांच्या माणसाला म्हटलं काढ प्लग आणि लगेच लाव. मोबाइलवर पोर्टच्या दिव्याचा व्हिडिओ पण घेतला, लॉगशी ताडून बघायला. लॉगमध्ये असं दिसलं. प्लग काढताच पोर्ट डाउन, ३ सेकंदांत परत अप. तेव्हा डब्याचं सॉफ्टवेअर उठलेलंही नसतं, नुसती पोर्टची चिप पॉवर मिळताच समोरच्याशी स्पीड ठरवून मोकळी होते (कॉपरवर गिगाबिटला या बोलण्यातच दोनेक सेकंद जातात). मग ३८ व्या सेकंदाला सॉफ्टवेअर लोड होताना पोर्ट रीसेट करतं, परत डाउन, ४१ व्या सेकंदाला अप. आणि डबा खऱ्या अर्थाने ट्रॅफिक द्यायला लागतो तो ९४ व्या सेकंदाला. म्हणजे दिवा हिरवा असतो आणि आत कोणी जागं नसतं.

दोन्ही हेलकावे ३-३ सेकंदांचे, आपला टायमर ५ चा. दोन्ही गिळले गेले. राउटरच्या लेखी पोर्ट पूर्ण वेळ अप होता, म्हणून तो इमानदारीत सगळ्या ऑर्डर झोपलेल्या डब्यात ओतत राहिला. अलर्ट नाही, कारण अलर्टही त्याच बातमीवर चालतो.

आता कोणी म्हणेल टायमर काढून टाका, शून्य करा. टेस्टमध्ये शून्यावरच होतो की! तीन सेकंद ट्रॅफिक बॅकअपवर गेलं, पोर्ट अप दिसताच परत प्राइमरीवर, म्हणजे झोपलेल्या डब्यात, ३८ ला पुन्हा बॅकअपवर, ४१ ला पुन्हा डब्यात आणि ९४ पर्यंत तिथेच. ९४ पैकी फक्त सहा सेकंद वाचले. चूक टायमर असण्यात नव्हती, तो उलट्या बाजूला लावलेला होता. पडल्याची बातमी लगेच हवी, उठल्याचीच बातमी उशिरा हवी.

४१ ते ९४ म्हणजे ५३ सेकंद, थोडी जागा ठेवून ९० केले:

```
set interfaces ge-0/0/3 hold-time up 90000 down 0
```

आता पोर्ट पडला की रूट लगेच बॅकअपवर, आणि सलग ९० सेकंद अप राहिल्यावरच परत. मधे हेलकावा आला की मोजणी पहिल्यापासून, म्हणून ३ ते ३८ मधला खोटा अप आपोआप वगळला जातो. पुन्हा प्लग काढून बघितलं, १३१ व्या सेकंदाला ट्रॅफिक प्राइमरीवर आलं आणि पिंगमध्ये दोनच पॅकेट हरवले. अर्थात हे फक्त आमच्या डोळ्यांसमोरच्या केबलपुरतं. डब्याच्या पलीकडे लाइन तुटली तर दिवा हिरवाच राहणार, त्याला पलीकडच्या टोकाला सतत पिंग करून रूट हलवावा लागतो आणि ते चेंज अजून मंजुरीत अडकलंय.

तर ५००० कोणी टाकले? मला वाटलं आधीचे साहेब, दुबईला गेले ते, अशी कामं त्यांचीच असायची. शिव्या देत जुनं तिकीट शोधलं. टाकले त्यांनीच. पण तिकीट माझं होतं! रात्री लाइट गेली की त्या पोर्टचे डाउन-अप-डाउन-अप असे चार एसएमएस यायचे, झोपेचं खोबरं व्हायचं, तेव्हा मीच लिहिलं होतं "पोर्ट फ्लॅपचे अलर्ट बंद व्हावेत, सर्व्हिसवर परिणाम नाही." परिणाम नाही हे मी कशावरून लिहिलं? रात्री दोनला ऑर्डर कोण टाकतं, म्हणून दिसला नाही. साहेबांनी मागितलं ते दिलं आणि मी फॉर्मवर टेस्टेड ओके लिहून सही केली, जी टेस्ट मी केलीच नव्हती.

आता डोक्यात दुसरंच चाललंय. बॅकअपचा डबाही रॉ पॉवरवर आहे. बिल्डिंगची लाइट गेली तर दोन्ही एकदमच रीस्टार्ट होणार, आणि बॅकअपच्या पोर्टवर पण ९० टाकले तर ९४ व्या सेकंदाला तयार असलेल्या प्राइमरीला आपण १३१ पर्यंत उगाच बाहेर ताटकळत ठेवणार, सदतीस सेकंद जास्त. म्हणून बॅकअपवर छोटा आकडा हवा, जो आधी उठेल तो चालेल. पण तो डबा दुसऱ्या कंपनीचा, दुसरं मॉडेल, त्याला उठायला किती वेळ लागतो ते मोजलेलंच नाही. त्यांच्याकडे येत्या शनिवारी प्लग काढायची परवानगी मागितलीय. तिकडून उत्तर आलंय की सर, लिंक तर अप आहे ना, मग टेस्ट कशाला?