आमची वाटचाल : आठ हजार गेले कुठे?

नाशिकमध्ये इंटिरिअर डिझाइनची कामं मी बरीच वर्षं एकटाच घ्यायचो. बिलं माझ्या नावावर, पॅनही माझाच. एप्रिल २०२४ मध्ये धाकट्या बहिणीबरोबर भागीदारी फर्म केली. फर्मचा पॅन आला, जीएसटी नोंदणी झाली, नवं बिलबुक छापलं.

जुलैमध्ये एका जुन्या क्लायंटला फर्मचं बिल दिलं : डिझाइन फी ८०,००० रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी १४,४००, एकूण ९४,४००. ऑगस्टमध्ये खात्यात ८६,४०० जमा झाले. बहिणीला वाटलं, पैसे कापले. पण हिशोब बरोबर होता. तेव्हाच्या प्राप्तिकर कायद्याच्या कलम १९४जे खाली व्यावसायिक फीवर १० टक्के टीडीएस, म्हणजे पैसे देणाऱ्यानेच आधी कापून सरकारकडे भरायचा कर, कापत आणि बिलात जीएसटी वेगळा दाखवला असेल तर हा टीडीएस फक्त फीवरच, म्हणजे ८,०००. आम्ही उत्पन्न पूर्ण ८०,००० धरलं आणि ८,००० ‘टीडीएस येणे’ खात्यात टाकले. बरेच जण हातात आलेली रक्कमच उत्पन्न म्हणून लिहितात. मग रिटर्नमधला आकडा आयकर खात्याकडच्या नोंदीशी जुळत नाही.

जुलै-सप्टेंबर तिमाहीचं २६क्यू, म्हणजे कोणाचा किती टीडीएस कापला याचं विवरणपत्र, क्लायंटने ३१ ऑक्टोबरपर्यंत भरायचं होतं. ते भरून प्रक्रिया झाली की कापलेला कर आपल्या पॅनवरच्या कर-नोंदींच्या पत्रकात, म्हणजे फॉर्म २६एएसमध्ये, दिसायचा. म्हणून नोव्हेंबरच्या मध्याला फर्मचा २६एएस उघडला. त्या क्लायंटचं नावच नव्हतं.

फोन केला तर त्यांचे अकाउंटंट म्हणाले, “साहेब, आम्ही कधीच भरलाय.” ते खरंच सांगत होते, चलनही त्यांनी पाठवलं. मग मला शंका आली आणि मी माझा वैयक्तिक २६एएस काढला. तिथे त्यांच्या टॅनखाली, म्हणजे कर कापणाऱ्याच्या क्रमांकाखाली, ८०,००० रक्कम, ८,००० कर, स्टेटस ‘F’ म्हणजे फायनल, सगळं व्यवस्थित होतं. बिलावर फर्मचा पॅन ठळक छापलेला, पण त्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये माझं जुनं खातं तसंच राहिलं होतं.

‘घरचाच पैसा, घरातच आहे’ म्हणून हे सोडून देता येत नाही. फर्मने तो कर मागितला असता तर नोंद नसल्याने क्रेडिट नाकारलं गेलं असतं आणि तेवढ्याची मागणी निघाली असती. उलट माझ्या पॅनवर मी न कमावलेले ८०,००० दिसत होते. दुरुस्ती आपल्या हातात नसते, ती कापणाऱ्यालाच करावी लागते. मी बिलाची प्रत, फर्मच्या पॅनची प्रत आणि दोन्ही २६एएसची पानं एकाच ईमेलवर पाठवली. त्यांनी दुरुस्ती विवरणपत्र भरलं. जानेवारीत नोंद माझ्याकडून निघून फर्मच्या २६एएसमध्ये आली आणि त्यानंतर त्यांनी फर्मच्या पॅनचा नवा १६ए, म्हणजे टीडीएसचा दाखला, पाठवला.

आता जुन्या क्लायंटला पहिलं बिल पाठवताना त्यांच्या अकाउंटंटला फोन करून पॅन बदलून घेतो. ‘टीडीएस येणे’ खातं बहीण दर तिमाहीनंतर आयकर खात्याकडच्या नोंदींशी ओळ न् ओळ ताडून बघते.