‘माझा हात स्थिर आहे’

“मावशी, एवढं पुरेल ना?” भाचीने विचारलं. ती अमेरिकेत डेंटल स्कूलला अर्ज करतेय. निबंधाला मर्यादा ४५०० अक्षरांची, स्पेस धरून.

वाक्य होतं, ‘मी लहानपणापासून क्रोशा करते, त्यामुळे माझा हात स्थिर आहे.’

मी स्वतः दातांची डॉक्टर. मला ते वाक्य दिवसभर खटकत राहिलं. असं कुणीही लिहील.

रात्री फोन केला. टाका चुकला तर कळतं कसं गं? म्हणाली, बाहुलीचं डोकं विणताना सुरुवातीला फेरीगणिक सहा टाके वाढतात. सहा, बारा, अठरा. फेरी संपली की मोजायचे. सतराच भरले तर तिथेच उसवायचं, नाहीतर डोकं एका बाजूला कलतं.

आणि क्लिनिकमध्ये बसून काय पाहिलंस? तेही तिने नीट टिपलं होतं. दाढेत दाताच्या रंगाचं फिलिंग भरताना डॉक्टर जेमतेम दोन मिलिमीटरचा थर देतात, निळ्या लाइटने कडक करतात, मगच पुढचा. मध्ये लाळ शिरली की नुसतं पुसून चालत नाही, दात पुन्हा धुऊन, सुकवून, बॉन्डिंग लावावं लागतं. नाहीतर ते फिलिंग पुढे कडेने गळतं.

अगं, मग हेच लिही ना!

मात्र छोट्या आरशात बघून हात चालवणं क्रोशाने येत नाही, ते कॉलेजात शिकवतात. तो दावाही निबंधात होता, तेवढा काढायला लावला.

आपल्याकडे बीडीएसचा प्रवेश नीटच्या गुणांवर. हाताबद्दल कुणी विचारतच नाही. विचारायला हवं का?